लांब मुदतीला कमी व्याज

8 मार्च 2023 रोजी अमेरिकी सरकारच्या दोन वर्षांच्या रोख्यावर बाजारात 5.05 टक्के परतावा मिळत होता आणि दहा वर्षांच्या रोख्यावर 3.98 टक्के. सरकार तेच, चलन तेच, पैसे बुडण्याची भीती दोन्हीकडे सारखीच नगण्य. तरीही दहा वर्षं पैसे अडकवून ठेवणाऱ्याला दोन वर्षं अडकवणाऱ्यापेक्षा एक टक्क्याहून अधिक कमी मिळत होतं. एवढी तफावत 1981 नंतर पहिल्यांदाच पडली होती. त्या आठवड्यात यील्ड कर्व्ह उलटा झाल्याच्या बातम्यांना जोर आला आणि जवळपास प्रत्येक बातमीत एक वाक्य हटकून होतं : हा मंदीचा इशारा समजला जातो.

तो इशारा का समजला जातो, आणि या खेपेला तो खरा का ठरला नाही, हे नीट पाहायचं तर मुळापासून सुरुवात करावी लागेल.

अमेरिकी सरकार एका महिन्यापासून तीस वर्षांपर्यंतच्या वेगवेगळ्या मुदतींसाठी कर्ज उभारतं. कोणत्याही एका दिवशी या मुदती आडव्या रेषेवर मांडल्या, प्रत्येकीच्या डोक्यावर तिचा त्या दिवशीचा परतावा टिंबाने दाखवला आणि टिंबं जोडली, की जी रेघ तयार होते तिला यील्ड कर्व्ह म्हणतात. एरवी ही रेघ डावीकडून उजवीकडे चढत जाते. मुदत लांबली की महागाई किती वाढेल, व्याजदर कुठे जातील याचा भरवसा कमी होतो, आणि त्या जोखमीचा मोबदला म्हणून गुंतवणूकदार थोडं जास्त व्याज मागतो.

ही रेघ उलटी होणं म्हणजे काय, याची झलक आपल्याकडच्या मुदत ठेवींतही दिसली होती. 2023 मध्ये स्टेट बँकेने 400 दिवसांच्या ‘अमृत कलश’ ठेवीवर 7.10 टक्के व्याज दिलं, तेव्हा पाच ते दहा वर्षांच्या ठेवीवर ती 6.50 टक्केच देत होती. व्याजदर आज चढे आहेत पण ते असे राहणार नाहीत, असं बँकेला वाटत असेल तर आजचा चढा दर पुढची दहा वर्षं देण्याचं वचन ती कशाला देईल? ठेवींचे दर अर्थात बँक स्वतः ठरवते. सरकारी रोख्यांचा परतावा मात्र रोज हजारो खरेदीदार-विक्रेत्यांच्या व्यवहारांतून ठरतो. म्हणून तिथली उलटी रेघ हे एका संस्थेचं धोरण नसतं, सगळ्या बाजाराने मिळून केलेला अंदाज असतो.

हा अंदाज थेट आकड्यांत वाचता येतो. समजा, एका वर्षाच्या रोख्यावर 5 टक्के मिळताहेत आणि दोन वर्षांच्या रोख्यावर दरसाल 4.5 टक्के. हातात 100 डॉलर आहेत. दोन वर्षांचा रोखा घेतला तर मुदतीअखेर 109.20 डॉलर होतील. त्याऐवजी एका वर्षाचा रोखा घेतला तर वर्षअखेर 105 डॉलर होतील आणि ते पुन्हा एका वर्षासाठी गुंतवता येतील. दोन्ही वाटांनी सारखीच रक्कम हाती यायची असेल तर त्या 105 डॉलरवर दुसऱ्या वर्षी 4 टक्के मिळायला हवेत. ते 5 टक्केच राहतील असं बाजाराला वाटत असतं, तर दोन वर्षांचा रोखा 4.5 टक्क्यांवर कुणी घेतलाच नसता. म्हणजे या दोन आकड्यांतून बाजार सांगतो आहे की पुढच्या वर्षी एका वर्षाचा दर टक्काभर खाली येईल.

लांबच्या मुदतीतला जोखमीचा मोबदला या हिशेबात धरलेला नाही. त्याकडे पुढे येऊ. पण उलट्या रेघेचा गाभा एवढाच आहे. ती फक्त सांगते की व्याजदर उतरतील. मंदी हा शब्द तिच्यात कुठेच नाही, तो आपण जोडतो.

आणि जोडतो तेही सबळ कारणाने. अल्पमुदतीचे दर अमेरिकेची मध्यवर्ती बँक, म्हणजे फेडरल रिझर्व्ह, ठरवते. फेड दर झपाट्याने उतरवते ते बहुतेक वेळा अर्थव्यवस्था गळपटल्यावर. 2001 मध्ये तसं झालं, 2007-08 मध्ये झालं, 2020 मध्येही झालं. त्यामुळे दर मोठ्या प्रमाणात उतरतील अशी पैज बाजार लावतो, तेव्हा काहीतरी बिघडणार आहे अशीच पैज त्याने लावल्यासारखं होतं. रेघ उलटी होते ती बहुधा दोन्ही टोकांकडून. महागाई आवरायला फेड दर वाढवत असते म्हणून डावं टोक वर जातं. त्याच वेळी, एवढे चढे दर अर्थव्यवस्थेला पेलणार नाहीत असं मानणारे लोक आजचा दर लांबच्या मुदतीसाठी पदरात पाडून घ्यायला दहा वर्षांचे रोखे विकत घेतात. मागणी वाढली की रोख्याची किंमत चढते, आणि किंमत चढली की परतावा उतरतो, कारण त्याच ठरलेल्या व्याजासाठी आता जास्त पैसे मोजावे लागतात. उजवं टोक असं खाली येतं.

या संबंधाला अभ्यासाचं बळ मिळालं ते कॅम्पबेल हार्वी यांच्यामुळे. 1986 मध्ये शिकागो विद्यापीठात सादर केलेल्या पीएच.डी. प्रबंधात त्यांनी लांब आणि आखूड मुदतीच्या दरांमधला फरक पुढच्या आर्थिक वाढीशी ताडून पाहिला. तेव्हा त्यांच्या हाताशी मोजक्याच मंद्या होत्या. पुढे 1990, 2001 आणि 2007 मध्ये सुरू झालेल्या तिन्ही मंद्यांच्या आधी रेघ उलटी झाली आणि या निर्देशकाचा दबदबा वाढत गेला. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतले अर्तुरो एस्त्रेला आणि त्यांचे सहकारी फ्रेडरिक मिश्किन यांनी 1996 मध्ये दहा वर्षं आणि तीन महिने या दोन दरांतल्या फरकावरून वर्षभरानंतरच्या मंदीची शक्यता टक्क्यांत मांडून दाखवली. त्या धर्तीचा अंदाज ही बँक आजही दर महिन्याला प्रसिद्ध करते.

बातमी वाचताना इथे एक गोष्ट पाहायला हवी : कोणत्या दोन मुदती? वर्तमानपत्रांचा आणि व्यापाऱ्यांचा आवडता फरक दोन आणि दहा वर्षांचा, अभ्यासकांचा तीन महिने आणि दहा वर्षांचा. दोन वर्षांच्या दरात पुढच्या दरकपातीची अपेक्षा आधीच मिसळलेली असते, त्यामुळे पहिली जोडी लवकर उलटते आणि कधीकधी उगाचच उलटते. 2022 मध्ये दोन-दहाची जोडी एप्रिलच्या सुरुवातीला काही दिवस उलटली, सावरली आणि जुलैपासून उलटीच राहिली. तीन महिने-दहा वर्षं ही जोडी मात्र ऑक्टोबर संपता संपता उलटली. हार्वी यांची अट आणखी कडक आहे : फरक पूर्ण तिमाहीभर उलटा राहिला तरच तो इशारा मानायचा. एका दिवसात दोन-चार तासांपुरत्या उलटलेल्या रेघेवर मथळे सजतात, तेव्हा ही अट लक्षात असलेली बरी.

पण हा निर्देशक खोटा ठरवण्याची घाई किती महागात पडू शकते, याचं उदाहरण 2006 मध्ये आहे आणि ते सविस्तर पाहण्यासारखं आहे. जून 2004 ते जून 2006 या दोन वर्षांत फेडने सतरा वेळा पाव-पाव टक्का वाढवत दर 1 टक्क्यावरून 5.25 टक्क्यांवर नेला. अल्पमुदतीचे दर असे चढत असताना लांबचे दर मात्र हलायला तयार नव्हते. फेडचे तेव्हाचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी फेब्रुवारी 2005 मध्ये अमेरिकी संसदेपुढे हे कोडं असल्याचं कबूल केलं. त्यांच्या जागी आलेल्या बेन बर्नान्की यांनी मार्च 2006 मध्ये न्यूयॉर्कमधल्या भाषणात त्याचा खुलासा केला. लांबच्या मुदतीतला जोखमीचा मोबदलाच आटला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. जगभरच्या मध्यवर्ती बँका आणि पेन्शन फंड दीर्घ मुदतीचे रोखे एवढ्या प्रमाणात घेत होते की त्यांचा परतावा दबून गेला होता. तेव्हा सपाट झालेली रेघ पुढे मोठी मरगळ येणार असल्याचं लक्षण नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

युक्तिवादात खोट नव्हती. जोखमीचा मोबदला खरंच घटला होता, आणि तो जितका कमी तितकी रेघ सहज उलटते, हेही खरं आहे. पण रेघ उलटण्यामागे दुसरंही कारण असू शकतं, एवढ्यावरून पहिलं कारण हजर नाही असं होत नाही. डिसेंबर 2007 मध्ये मंदी सुरू झाली आणि सप्टेंबर 2008 मध्ये लेहमन ब्रदर्स कोसळली. मंदी कधी सुरू झाली याची अधिकृत तारीख ठरवणाऱ्या नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्चने ती तारीख जाहीर केली 1 डिसेंबर 2008 रोजी, म्हणजे मंदीला वर्ष लोटल्यावर. ही एक तुलना केली तरी विश्लेषक या रेघेकडे एवढं लक्ष का देतात ते कळतं. बाकीचे आकडे झालेलं सांगतात, ही रेघ होणाऱ्याबद्दल बोलते.

ती किती आधी बोलते, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. उलटण्यापासून मंदीपर्यंतचं अंतर कधी सहा-आठ महिने, तर कधी दोन वर्षांच्या आसपास राहिलं आहे. अशा इशाऱ्यावरून शेअर विकून मोकळं होणाऱ्याला कित्येकदा मधली मोठी तेजी गमवावी लागते. शिवाय नमुनाच लहान आहे. 1969 च्या अखेरीपासून 2020 पर्यंत अमेरिकेत आठ मंद्या आल्या. 1966 मध्ये रेघ उलटली, वाढ मंदावली, पण मंदी आली नाही. 2020 ची मंदी काही जण या निर्देशकाच्या खात्यात जमा धरतात, कारण 2019 मध्ये रेघ उलटली होती. मला ते पटत नाही. रोखे बाजाराला विषाणूची चाहूल लागली होती असं मानायला काहीही आधार नाही. आठांतली एक अशी वजा केली की उरलेल्या सातांवर किती भार टाकायचा, हा प्रश्न गंभीर होतो.

आता रेघेचं दुसरं काम. ती नुसता अंदाज सांगून थांबत नाही, मंदी आणायला थोडा हातभारही लावते. बँक ठेवीदारांकडून थोड्या मुदतीचे पैसे घेते आणि लांब मुदतीची कर्जं देते. दोन्हींतल्या व्याजाच्या फरकावर ती जगते. रेघ उलटली की हा फरक आक्रसतो. ठेवींवर जास्त व्याज द्यावं लागतं आणि जुनी कर्जं मात्र कमी दरावर अडकलेली असतात. मग बँक नवं कर्ज देताना हात आखडता घेते, आणि छोट्या उद्योजकाचं कर्ज नामंजूर व्हायला लागतं.

8 मार्च 2023 या त्याच दिवशी कॅलिफोर्नियातली सिलिकॉन व्हॅली बँक या पेचाच्या टोकाला पोहोचली होती. 2020-21 मध्ये तंत्रज्ञान कंपन्यांकडे पैशांचा पूर आला होता, तो या बँकेत ठेवींच्या रूपाने साठला, आणि व्याजदर तळाला असताना तिने त्यातली मोठी रक्कम लांब मुदतीच्या रोख्यांत गुंतवली. या रोख्यांत पैसे बुडायची भीती नव्हती. धोका दुसराच होता. दहा वर्षांचा, दरसाल दीड टक्का देणारा 100 डॉलरचा रोखा घ्या. बाजारात तशाच नव्या रोख्यावर 4 टक्के मिळू लागले तर जुना रोखा कुणी 100 ला घेणार नाही. हिशेब केला तर त्याची किंमत 80 डॉलरच्या आसपास येते. मुदत संपेपर्यंत धरून ठेवला तर नुकसान नाही, पण ठेवीदार पैसे मागायला आला तर तोच रोखा तोट्यात विकावा लागतो.

तेच घडलं. बँकेने सुमारे 21 अब्ज डॉलरचे रोखे विकले, त्यात 1.8 अब्जांचा तोटा झाला आणि 8 मार्चच्या संध्याकाळी तिने तो जाहीर केला. दुसऱ्या दिवशी एका दिवसात ठेवीदारांनी 42 अब्ज डॉलर काढून घेतले. 10 मार्चला नियामकांनी बँक ताब्यात घेतली. या बँकेला उलट्या रेघेने एकटीने बुडवलं असं म्हणता येणार नाही. दर वाढतील हे गृहीत न धरणाऱ्या व्यवस्थापनाचा त्यात मोठा वाटा होता. पण दर झपाट्याने चढले की रेघ उलटते आणि त्याच चढाने असे ताळेबंद फाटतात. सोमवारी, 13 मार्चला, दोन वर्षांच्या रोख्याचा परतावा 4 टक्क्यांच्या आसपास आला. पाच दिवसांपूर्वी तो 5 च्या वर होता. फेड आता दर वाढवणार नाही, कदाचित उतरवेलच, असं बाजाराने ठरवून टाकलं होतं.

मे 2023 मध्ये न्यूयॉर्क फेडच्या गणिताने वर्षभरानंतरच्या मंदीची शक्यता 70 टक्क्यांच्या आसपास दाखवली. आणि मंदी आली नाही. रेघ दोन वर्षांहून अधिक काळ उलटी राहिली तरी 2023 मध्येही अमेरिकेची अर्थव्यवस्था वाढली आणि 2024 मध्येही.

यामागची दोन कारणं मला सर्वांत वजनदार वाटतात. पहिलं, कर्जदारांनी स्वस्त दर आधीच पक्के करून घेतले होते. अमेरिकेत घरकर्ज साधारणपणे तीस वर्षांसाठी ठरलेल्या दराचं असतं. आपल्याकडे रेपो दर वाढला की बहुतेकांचा हप्ता किंवा मुदत वाढते, तिथे जुन्या कर्जदाराला झळ लागत नाही. जानेवारी 2021 मध्ये तिथल्या घरकर्जाचा सरासरी दर 2.65 टक्क्यांपर्यंत उतरला होता आणि त्या सुमारास कोट्यवधी कुटुंबांनी जुनी कर्जं फेडून नवी घेतली होती. ऑक्टोबर 2023 मध्ये नव्या कर्जाचा दर 8 टक्क्यांजवळ पोहोचला, पण या कुटुंबांचा हप्ता होता तेवढाच राहिला. मोठ्या कंपन्यांनीही तसेच लांब मुदतीचे रोखे स्वस्तात काढून ठेवले होते. फेड दर चढवत होती, पण चाप ज्यांना बसायचा ते मोठ्या संख्येने त्याच्या बाहेर होते.

दुसरं कारण आधीच्या हिशेबात दडलेलं आहे. रेघ म्हणत होती की दर उतरतील. पण दर उतरायला मंदीच लागते असं नाही, महागाई उतरली तरी पुरतं. अमेरिकेतली महागाई जून 2022 मध्ये 9.1 टक्के होती, वर्षभरात ती 3 टक्क्यांपर्यंत आली. फेडने दर 5.25 ते 5.50 टक्क्यांपर्यंत नेले होते ते या महागाईसाठीच, त्यामुळे ती आटोक्यात आल्यावर एवढे दर ठेवण्याचं कारण उरणार नव्हतं. दहा वर्षांचे रोखे घेणाऱ्यांचा व्याजदरांबद्दलचा अंदाज बरोबरच निघाला. दर खरोखर उतरले. चुकलं ते त्या अंदाजाला ठोकळेबाजपणे मंदीचं लेबल चिकटवणं. खुद्द हार्वी यांनी 2023 च्या सुरुवातीलाच सांगितलं होतं की या वेळी आपला निर्देशक चुकीचा इशारा देत असावा. 2006 मध्ये बर्नान्की यांनी ‘या वेळी वेगळं आहे’ म्हटलं आणि ते खोटं ठरलं. 2023 मध्ये तेच म्हणणारे खरे ठरले. फरक कर्जाच्या रचनेत होता. 2006 मध्ये कित्येक घरकर्जांचे दर दोन-तीन वर्षांनी आपोआप चढणारे होते, आणि ती तारीख जवळ येत होती.

हा इशारा अमेरिकेबाहेर जसाच्या तसा नेता येत नाही, हे भारतात 2013 मध्ये दिसलं. त्या वर्षी मे महिन्यात बर्नान्की यांनी रोखे खरेदी आवरती घेण्याचं सूतोवाच केलं आणि डॉलर भारतातून परत जाऊ लागले. रुपया सावरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने 15 जुलैला मार्जिनल स्टँडिंग फॅसिलिटीचा दर थेट 10.25 टक्के केला, म्हणजे रेपो दरापेक्षा तीन टक्के जास्त. अल्पमुदतीचे दर दहा वर्षांच्या दराच्या वर गेले आणि भारताची रेघही उलटली. पण ती रुपया वाचवण्यासाठी मुद्दाम आवळलेली दोरी होती. सप्टेंबरनंतर ती टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि रेघ सरळ झाली.

रेघ परत सरळ होते तेव्हा धोका टळला असं वाटतं, ते बरोबर नाही. 1990, 2001, 2007 आणि 2020 या चारही वेळा मंदी सुरू होईपर्यंत दोन-दहाची रेघ सरळ झालेली होती. म्हणून ती कोणत्या टोकाकडून सरळ झाली, हे बघावं. फेड घाबरून दर कापू लागली आणि डावं टोक खाली कोसळलं तर ते वाईट लक्षण. उजवं टोक वर चढून सरळ झाली तर कारण वेगळं असतं : वाढ टिकेल असा विश्वास, महागाई पुन्हा डोकं वर काढेल ही भीती, किंवा सरकार फार कर्ज काढतं आहे ही चिंता.

2024 मध्ये दोन्ही झालं. सप्टेंबरच्या सुरुवातीला दरकपातीच्या अपेक्षेने दोन वर्षांचा परतावा दहा वर्षांच्या खाली आला आणि 18 सप्टेंबरला फेडने एकदम अर्धा टक्का कापला. त्यानंतर मात्र लांबचा दर उतरण्याऐवजी चढू लागला. कपातीच्या वेळी दहा वर्षांचा परतावा 3.7 टक्क्यांच्या आसपास होता. वर्षअखेरपर्यंत फेडने दर एकूण एक टक्क्याने उतरवला होता, आणि दहा वर्षांचा परतावा 4.5 टक्क्यांच्या वर पोहोचला होता.